काठ शाबूत, अंग विरलं

करवतकाठी साडी म्हणजे खरं तर दोन कापडांची एक साडी. अंग कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, आणि काठ सुताचा. विणकर ती तीन धोट्यांनी विणतो. दोन्ही काठांना एकेक धोटा आणि मधल्या अंगाला तिसरा. काठाचा सुती धागा आणि अंगाचा रेशमी धागा जिथं एकमेकांत अडकतात, तिथं करवतीसारखे दाते उठतात, आणि त्यावरूनच साडीला नाव पडलं. आरमोरी, नागभीड, पलीकडे भंडारा जिल्ह्यातलं आंधळगाव आणि मोहाडी ही तिची गावं. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जुन्या घरांत लग्नातली करवतकाठी ट्रंकेत नाही, असं घर कमी सापडेल.

ही साडी आज धुण्याच्या पावडरीच्या गोष्टीसाठी आठवली. एकच पावडर सुताला लाभते आणि रेशमाला बाधते, हे पाहायचं तर करवतकाठीसारखा दाखला नाही. दोन्ही धागे एकाच बादलीत, एकाच पाण्यात, तितकाच वेळ भिजलेले असतात.

तर झालं असं. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी एक दिवस साडी दाखवायला आणली. दहाबारा वर्षांची, नैसर्गिक मधाच्या रंगाची, तांबडा काठ. काठाकडे पाहिलं तर साडी परवा घेतली असं वाटावं. रंग पक्का, सूत भरीव. पण अंग! चमक पार गेलेली, हात फिरवला की बोटांना बारीक कूस लागते. निऱ्यांच्या घड्यांवर उभे चिरे गेलेले आणि दात्यांच्या जवळ दोनतीन ठिकाणी कापड काठापासून सुटून आलेलं. काकू म्हणाल्या, ''माय, काठ तर जसाच्या तसा हाय, मंग अंगच कसं विरलं? विणकरानं फसवलं का काय?''

विणकराला दोष देण्याआधी जरा खोदून विचारलं. एका लग्नाच्या पंगतीत साडीवर वरण सांडलं होतं. घरी आल्यावर काकूंनी ती डाग घालवणाऱ्या पावडरीत रात्रभर भिजत घातली. सकाळी डाग साफ! काकांच्या धोतरावरचा तसलाच पिवळट डागही त्याच बादलीत निघाला. (हळदीची पिवळी छटा राहिली होती, ती पुढे उन्हात गेली.) तेव्हापासून काकूंचा त्या पावडरीवर विश्वास बसला. साडी नेसली की कोमट पाणी, दोन चमचे पावडर आणि रात्रभर भिजवणं. अशी सातआठ धुणी झाली असतील.

साडी जुनी झाली म्हणून विरली, असंही कुणी म्हणेल. घामानं विरली, घडी न बदलल्यानं चिरली, ही कारणंही खरी असू शकतात. पण आमच्या नशिबानं एक साक्षीदार ट्रंकेतच होता. त्या साडीचा ब्लाउजपीस काकूंनी कधी शिवलाच नव्हता. तोच माग, तोच कोसा, तेवढंच वय आणि घडीसुद्धा त्याच ट्रंकेत. फरक एवढाच, की तो कधी भिजला नव्हता आणि अंगाला लागला नव्हता. त्याच्या कडेचा एक धागा काढून दोन्ही हातांनी ओढला, तो चांगला ताणून मग तुटला. साडीच्या अंगातला तसाच धागा ओढल्याबरोबर तुटला आणि तुटलेल्या टोकाला कापसासारखा फुसका झाला. नंतर पदराच्या आतल्या टोकाचा धागा पाहिला. तिथं घाम लागत नाही आणि घडीही वेगळी पडते. तोही तसाच कच्चा निघाला. म्हणजे घाम आणि घडी हे मुख्य कारण नव्हे. साडीला सगळीकडे सारखं पोचलेलं एकच, ते बादलीतलं पाणी. आणि त्या पाण्यानं काठाच्या सुताला मात्र काहीच केलं नव्हतं.

आता हे का झालं? पावडरीच्या पाकिटावर एन्झाइम असा शब्द असतो. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात. नाव नवं वाटतं, पण वस्तू आपल्या घरातली आहे. मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्ची पपई वाटून लावतो ना? त्या पपईच्या चिकात एक एन्झाइम असतं. ते मांसातल्या प्रथिनांच्या लांबच लांब साखळ्या जागोजागी कापतं, म्हणून मटण मऊ होतं. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागू लागतो, तेही लाळेतल्या एन्झाइमचं काम. पण ते वेगळं एन्झाइम, पिठातला स्टार्च तोडणारं. पपईचं एन्झाइम भाकरी गोड करणार नाही आणि लाळेतलं ते मटण मऊ करणार नाही. प्रत्येकाची कात्री ठरलेल्या साखळीवरच चालते, बाकीच्याला ती बोटही लावत नाही. सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे.

धुण्याच्या पावडरीत प्रामुख्यानं जे एन्झाइम घालतात ते प्रथिनं कापणारं. त्याला प्रोटीएज म्हणतात. कारण कपड्यांवरचे हट्टी डाग बरेचसे प्रथिनांचे असतात. रक्त, दूध, अंडं, वरण, बाळाची शी, कॉलरवरचा मळ. हे डाग वाळले की धाग्याला सरसासारखे चिकटतात. साबण तेलकटपणा सोडवतो, पण सरस सोडवायला त्याला फार घासावं लागतं. प्रोटीएज त्या सरसाचे बारीक तुकडे करतं आणि तुकडे पाण्याबरोबर निघून जातात. ही युक्ती आजची नाही. १९१३ साली जर्मनीत ओटो रोम या रसायनशास्त्रज्ञानं जनावराच्या स्वादुपिंडातलं एन्झाइम धुण्यासाठी वापरण्याचं पेटंट घेतलं होतं. पण ते साबणाच्या खारट पाण्यात नीट टिकत नसे. १९६०च्या दशकात जिवाणूंपासून काढलेलं, खारात टिकणारं एन्झाइम मिळू लागलं आणि मग अशा पावडरी जगभर पसरल्या.

सूत म्हणजे कापूस, आणि कापूस म्हणजे सेल्युलोज. झाडाच्या काडीचा, पानाचा जो पदार्थ तोच. त्यात प्रथिन नाही. त्यामुळे प्रोटीएजच्या दृष्टीनं सुती चादर ही कापड नव्हेच, नुसती डाग ठेवायची जागा. ते डाग कापतं आणि धागा सोडून देतं. रेशीम मात्र किड्यानं तोंडातून काढलेलं प्रथिन आहे आणि लोकर मेंढीच्या केसाचं प्रथिन आहे. तिथं एन्झाइमला डाग कुठला आणि कापड कुठलं हे कळायला मार्ग नाही. कात्री दोन्हींवर चालते.

याचा पुरावा आपल्याच जंगलात आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या पाळणारे ढिवर बांधव हे चांगलं जाणतात. कोसा म्हणजे टणक, सुपारीसारखा कोश. आतल्या पाखराला ना दात ना नख्या. मग ते बाहेर येतं कसं? तोंडातून एक थेंब रस सोडून. तो रस कोशाच्या देठाकडच्या टोकाला लागतो, तिथला डिंक विरघळतो, धागे सैल होतात आणि पाखरू त्यातून वाट काढतं. त्या रसात प्रथिन कापणारं एन्झाइमच असतं. शास्त्रज्ञ त्याला कोकूनेज म्हणतात. धागा हवा असेल तर पाखरू बाहेर पडण्याआधी कोश वाफवून-उकळून घेतात, तो त्याचसाठी. फुटक्या कोशातून अखंड धागा निघत नाही, त्याचं मग कातून जाडंभरडं सूत करतात.

पण निसर्गाचं एन्झाइम मोजून-मापून असतं. रेशमाच्या धाग्यात मधे गाभा असतो आणि वरून डिंक. दोन्ही प्रथिनंच. पाखराचं एन्झाइम डिंकावर चालतं, गाभ्याला फारसा हात लावत नाही. पावडरीतलं एन्झाइम एवढं निवडक नसतं. गाभ्यातही काही भाग घट्ट रचलेले असतात, तिथं त्याला शिरकाव मिळत नाही. पण मधलेमधले भाग सैल असतात, ते कापले जातात. म्हणूनच एका धुण्यात साडीला भोक पडत नाही. उलट पहिल्या धुण्यानंतर साडी मऊ आणि स्वच्छ वाटते, आणि बाईचा विश्वास बसतो. काकूंचं तेच झालं. दुसऱ्यातिसऱ्या धुण्यापासून चमक जाते, कारण धाग्याचा गुळगुळीत पृष्ठभाग खरवडला गेलेला असतो. मग कूस उठते. चिरे पडतात ते शेवटी, आणि आधी तिथं जिथं धागा जास्त वाकतो, म्हणजे घडीवर आणि करवतीच्या दात्यात. दात्यात रेशमी धागा सुताला वळसा घालून परत फिरतो. कमजोर झालेला धागा त्या वळणावर तुटतो आणि अंग काठापासून सुटतं.

यात पावडरीचा खारही सामील असतो, हे सांगितलं पाहिजे. डाग घालवणाऱ्या बहुतेक पावडरींमध्ये धुण्याचा सोडा असतो. सुताला खार चालतो, प्रथिनाला सोसत नाही. त्यात हे एन्झाइमही खारट पाण्यातच जोमानं काम करतं. म्हणजे एक जण धागा फुगवून सैल करतो आणि दुसरा कापतो. कुणी विचारेल, कोश शिजवताना विणकरही सोडा घालतातच की! घालतात. पण ते एकदाच, डिंक काढण्यापुरतं, मोजक्या वेळात, आणि नंतर भरपूर धुऊन. तोच सोडा रात्रभर, महिन्या-दोन महिन्याला, ही वेगळी गोष्ट झाली.

वेळेबरोबर पाण्याची ऊबही पाहायला हवी. एन्झाइमला कोमट पाणी आवडतं. साधारण ४० अंश, म्हणजे हात सहज बुडवता येईल इतकं. थंड पाण्यात ते काम करतं, पण रमतगमत. उकळत्या पाण्यात ते मरतं आणि मग तुमची महागाची पावडर साध्या पावडरीइतकीच राहते. आपल्याकडे याची एक गंमत आहे. मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५च्या वर जातो, तेव्हा गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी आपोआप कोमटाच्या वर गेलेलं असतं. सुती कपड्यांना वेगळं पाणी तापवायची गरजच नाही. पण त्याच पाण्यात चुकून कोसा पडला, तर डिसेंबरात जे नुकसान रात्रभरात झालं असतं ते कितीतरी लवकर होईल.

ही पावडर वाईट आहे असं मात्र मुळीच म्हणायचं नाही. सुतासाठी ती फार कामाची आहे आणि बायकांचे हात वाचवणारी आहे. गावात बाळंतिणीच्या घरी किंवा अंथरुणावर खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी गेलं की मी आवर्जून सांगते. चादरी, लंगोट, पाळीचे सुती कपडे यांवरचे डाग घासत बसू नका. पण क्रम नीट ठेवा. रक्ताचा डाग आधी साध्या थंड पाण्यात खळबळून काढायचा. गरम पाणी कधीच पहिल्यांदा ओतायचं नाही. अंडं तापलं की जसं घट्ट होतं, तसं रक्तही तापलं की धाग्यात गोठतं, मग एन्झाइमलाही ते जड जातं. थंड पाण्यात सुटेल तेवढं सुटू द्यायचं, मग कोमट पाण्यात पावडर विरघळवून अर्धा ते एक तास भिजवायचं. डाग जुना, वाळलेला असेल तर रात्रभर. मग नेहमीसारखं धुवायचं आणि दोनतीन पाण्यांतून काढायचं, कारण पावडर अंगालगतच्या कपड्यात राहिली तर त्वचेला खाज सुटते. शेवटी कडक ऊन. एन्झाइम डाग काढतं, जंतू मारत नाही. त्या भिजवणात ब्लीच मात्र टाकू नका. ब्लीचनं एन्झाइमच आधी नासतं. ब्लीच वापरायचंच असेल तर कपडा धुऊन झाल्यावर वेगळ्या पाण्यात.

आणखी एक बारीक गोष्ट. काही पावडरींत सेल्युलेज नावाचंही एन्झाइम असतं, आणि ते मात्र सुतावर चालतं. मग सूत विरत कसं नाही? ते अगदी थोडं घातलेलं असतं आणि धाग्यावर उभी राहिलेली लव तेवढी छाटतं. जुन्या सुती साडीचा रंग त्यामुळे उजळ दिसतो.

सगळेच डाग एन्झाइमला भीत नाहीत, हेही लक्षात ठेवा. हळद प्रथिन नाही. ती साबणाच्या खारानं लाल होते आणि पुष्कळ बायका घाबरतात, पण धुऊन उन्हात टाकली की हळूहळू उडते. जांभूळ, चहा, डाळिंबाची साल यांचे डाग झाडांच्या रंगांचे, तिथंही प्रोटीएजचा उपयोग नाही. आणि बिब्ब्याचा डाग? धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्बाच वापरत असत, ती खूण कपडा फाटेपर्यंत जाऊ नये म्हणून. तेव्हा त्यावर पावडर वाया घालवू नये.

एन्झाइमची कात्री डोळ्यांनी पाहायची असेल तर घरी सोपा प्रयोग करता येतो. आमच्या बचत गटाच्या बैठकीत तो केला होता. तीन काचेच्या बरण्या घ्या. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचे एकसारखे, टोकदार कडांचे तीन तुकडे कापा. पहिल्या बरणीत नुसतं पाणी. दुसऱ्या बरणीत कोमट पाण्यात एक चमचा एन्झाइमची पावडर. तिसऱ्या बरणीत तीच पावडर तेवढ्याच पाण्यात, पण ते पाणी आधी दहा मिनिटं खळखळ उकळून कोमट केलेलं. प्रत्येकीत एकेक तुकडा टाकून बरण्या उबेला ठेवा. आम्ही उन्हाळ्यात केलं, त्यामुळे ऊब शोधावी लागली नाही. घाई करू नका, दोन दिवस लागतात. साध्या पाण्यातला तुकडा जसाचा तसा राहिला. उकळलेल्या पावडरीतला जरा पारदर्शक झाला, तो खारामुळे, पण कडा शाबूत. न उकळलेल्या पावडरीतल्या तुकड्याच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या, तुकडा लहान झाला होता आणि पाणी गढूळ. खार दोन्हीकडे सारखाच होता, फरक फक्त जिवंत एन्झाइमचा. एकजण पटकन बोलली, ''म्हणजे आपली साडीबी अशीच झिजते का वो?'' अंड्याइतकी लवकर नाही, पण झिजते अशीच.

लोकरीचं शास्त्र थोडं वेगळं आहे. मेंढीच्या केसात गंधक असतं आणि गंधकाचे टाके प्रथिनाच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवतात. म्हणून लोकर सहजासहजी कापली जात नाही. (केस जळल्याचा जो उग्र वास येतो त्यात या गंधकाचाही वाटा आहे.) पण खार हे टाके उसवतो आणि टाके उसवले की एन्झाइमला आत वाट मिळते. मग लोकर आधी चिकट-लिबलिबीत लागते, वाळल्यावर खरखरीत होते आणि कोपरापाशी विरते. लोकर आटते ते मात्र एन्झाइमनं नव्हे. केसावर खवले असतात, ते गरम पाणी आणि चोळण्यानं एकमेकांत अडकतात आणि स्वेटर बाहुलीचा होतो. दोन्ही बिघाड ओळखायची खूण सोपी आहे. आटलेलं कापड जाड आणि घट्ट होतं, एन्झाइमनं खाल्लेलं पातळ आणि कच्चं होतं. घोंगडीची काळजी नाही, तिला पावडरीत घालायची आपल्याकडे रीतच नाही. झटकायची आणि उन्हात टाकायची.

आता तुमच्या हातातला कपडा नक्की कशाचा, हे कसं कळणार? दुकानदार सगळ्यालाच सिल्क म्हणतो. कपड्याच्या आतल्या शिवणीतून बोटभर धागा काढा, चिमट्यात धरा, खाली पाण्याची वाटी ठेवा आणि जाळून पाहा. रेशीम आणि लोकर कुरकुरत हळू जळतात, ज्योत काढली की बहुधा विझतात, केस जळल्याचा वास येतो आणि राख काळी, चुरडली की भुगा होणारी. सूत भराभर जळतं, कागद जळल्याचा वास येतो, राख मऊ करडी. वितळून कडक मणी झाला तर ते पॉलिस्टर किंवा अॅक्रिलिक. बाजारातले पुष्कळ स्वस्त स्वेटर अॅक्रिलिकचे असतात, त्यांना प्रोटीएजपासून काही धोका नाही. आर्ट सिल्कचंही तसंच, ते नावालाच सिल्क. पण करवतकाठी तपासताना अंगाचा धागा काढा, काठाचा नको. काठ सुतीच निघणार आणि तुम्ही फसणार.

पाकीट घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. एन्झाइम किंवा प्रोटीएज लिहिलं असेल, किंवा रेशमी-लोकरी कपड्यांसाठी वापरू नका अशी सूचना असेल, तर ते पाकीट सुताच्या कप्प्यात. रेशमासाठी रिठा उत्तम. त्याच्या फेसात ना खार ना एन्झाइम. एका साडीला दहाबारा रिठे बिया काढून रात्री कोमट पाण्यात भिजवा, सकाळी कुस्करून गाळून घ्या आणि अर्धी बादली गार पाण्यात तो फेस मिसळा. पांढऱ्याशुभ्र रेशमाला रिठ्यानं तपकिरी झाक येऊ शकते, कोशाच्या मधाळ रंगाला काही होत नाही. करवतकाठी पहिल्यांदा पाण्यात घालण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं काठ दाबून पाहा. फडक्याला लाल रंग लागला तर ती साडी घरी धुऊ नका, काठाचा रंग अंगावर पसरेल. रंग पक्का असेल तर फेसात पाचसात मिनिटं हलक्या हातानं खालीवर करा, भिजत ठेवू नका, पिळू नका. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत वाळवा.

रेशमावर वरण किंवा दूध सांडलं तर तिथल्या तिथं गार पाण्याच्या ओल्या फडक्यानं टिपून घ्या, चोळू नका. वाळलेला डाग असेल तर ड्रायक्लीनरकडे द्या, पण डाग कशाचा ते सांगूनच द्या. ड्रायक्लीनिंगच्या द्रावणात तेलतूप विरघळतं, वरणाचा आणि रक्ताचा डाग नाही. त्याला तो वेगळ्या हातानं काढावा लागतो.

आणि घरातल्या कुणी कोसा पावडरीत टाकलाच, तर घाबरून गरम पाणी ओतू नका. लगेच बाहेर काढून भरपूर गार पाण्यातून तीनचार वेळा काढा. शेवटच्या अर्ध्या बादलीत एक मोठा चमचा व्हिनेगर घाला, दोन मिनिटं बुडवा आणि पुन्हा साध्या पाण्यातून काढा. आंबटानं राहिलेला खार मारला जातो, आणि खार गेला की एन्झाइमचाही जोर ओसरतो. तासाभरात हे केलं तर साडीचं फारसं बिघडलेलं नसतं.